रेझ्युमेत न दिसलेलं

मुलाखतीला न बोलावलेल्या उमेदवाराला कारण कळवायलाच हवं, असं बंधन खासगी कंपनीवर नाही. चाकणच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्या काहीच कळवत नाहीत. काहींकडून दोन ओळींची ठरावीक मेल जाते: आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार, या वेळी आम्ही अधिक योग्य उमेदवारांची निवड केली आहे. आमच्याकडूनही तीच जाते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी भरतीचं काम पाहते आणि त्या मेलखाली माझं नाव असतं.

त्या मेलला सहसा उत्तर येत नाही. या वेळी आलं. सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज केलेल्या एका मुलानं मराठीत लिहिलं होतं: "मॅडम, जाहिरातीत मागितलेलं सगळं माझ्या रेझ्युमेत आहे असं मला वाटतं. नेमकं काय कमी पडलं ते कळवलंत तर पुढच्या वेळी सुधारता येईल." त्यात तक्रार नव्हती, अजिजी नव्हती. सरळ प्रश्न होता आणि तो विचारायचा त्याला पूर्ण हक्क होता. मी उत्तर लिहायला घेतलं. लिहिताना प्रत्येक वाक्यापाशी मला थांबावं लागलं, कारण एकच शंका पुन्हा पुन्हा समोर येत होती. हे खरोखर नाकारण्याचं कारण होतं, की आता पत्र लिहायचं आहे म्हणून मला सापडलेलं?

जाहिरातीतल्या अटी अशा होत्या. मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा पदवी. मशिनिंग केलेल्या भागांच्या क्वालिटीत किमान ३ वर्षांचा अनुभव. स्वतः पीपॅप सादर केल्याचा अनुभव. एमएसए आणि एसपीसीचं ज्ञान. जीडी अँड टीसह ड्रॉइंग वाचता येणं. आयएटीएफ १६९४९ च्या इंटर्नल ऑडिटरचं प्रमाणपत्र. आणि उत्तम संवादकौशल्य. मुलाकडे डिप्लोमा होता. भोसरीतल्या एका छोट्या सीएनसी युनिटमध्ये त्यानं साडेतीन वर्षं काम केलं होतं. ड्रॉइंगचं त्यानं नीट लिहिलं होतं. बाकीचं एका ओळीत, स्वल्पविराम देत: पीपॅप, एपीक्यूपी, एफएमईए, एमएसए, एसपीसी, ८डी. खाली कामाच्या वर्णनात आणखी एक ओळ, "रिस्पॉन्सिबल फॉर पीपॅप डॉक्युमेंटेशन".

माझ्या पहिल्या मसुद्यात चार कारणं होती. पीपॅपचा स्वतंत्र अनुभव दिसला नाही, एमएसएचं काम दिसलं नाही, इंटर्नल ऑडिटरचं प्रमाणपत्र नाही, संवादकौशल्याचा पुरावा नाही. पत्र भरीव दिसत होतं. चार कारणं वाचली की माणूस वाद घालत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या भरीवपणात माझी सोय किती आणि त्याचा उपयोग किती, हे तपासायला मी एकच गोष्ट केली. ज्या पाच जणांना आम्ही बोलावलं होतं त्यांचे रेझ्युमे काढून त्याच्या रेझ्युमेशेजारी ठेवले आणि प्रत्येक कारण त्या पाचांनाही लावून पाहिलं.

प्रमाणपत्राचं कारण तिथेच पडलं. पाचपैकी तिघांकडे ते नव्हतं. म्हणजे ती अट जाहिरातीत होती, पण निवडताना आम्ही ती धरलीच नव्हती. तरी चार कारणांत लिहायला सगळ्यांत सोपं तेच होतं. प्रमाणपत्र असतं किंवा नसतं, त्यावर कुणी प्रश्न विचारू शकत नाही. शिवाय ते खोटंही नव्हतं, कारण त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हतंच. वाक्य खरं आणि कारण खोटं, असं हे प्रकरण आहे, आणि भरतीच्या कामात असली वाक्यं आम्हाला फार सहज सुचतात. त्याचा परिणाम कुणाला भोगावा लागला असता? त्यानं पदरचे पैसे घालून कोर्स केला असता, पुन्हा अर्ज केला असता, आणि त्याच कारणासाठी पुन्हा बाहेर राहिला असता जे मी पत्रात चारांतलं एक म्हणून दडवलं होतं.

संवादकौशल्याचंही तसंच. ते कुणाच्याच रेझ्युमेत दिसत नाही. जे कागदावर दाखवताच येत नाही ते कागदावर दिसलं नाही असं सांगणं अन्यायाचं आहे. आणि त्याच्या पाच ओळींच्या मेलमध्ये त्याला काय हवंय ते मला पहिल्या वाचनात कळलं होतं.

उरली दोन कारणं. त्यांतलं पीपॅपचं खरं वजनदार. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवा भाग नियमित उत्पादनात जाण्याआधी पुरवठादार ग्राहक कंपनीला एक फाइल सादर करतो. आपली प्रक्रिया हा भाग ड्रॉइंगप्रमाणे सातत्यानं बनवू शकते, हे त्या फाइलनं सिद्ध करायचं असतं. तिच्यात एकूण १८ घटक असतात: ड्रॉइंग, मापांचा अहवाल, मटेरियलचे टेस्ट रिपोर्ट, प्रोसेस फ्लो, एफएमईए, कंट्रोल प्लॅन, मापनसाधनांचा अभ्यास, प्रक्रियेच्या क्षमतेचे आकडे आणि शेवटी वॉरंट, ज्यावर ग्राहकाची मंजुरी होते. सादरीकरणाच्या पाच पातळ्या आहेत. ग्राहकानं वेगळं सांगितलं नसेल तर तिसरी धरतात. त्यात वॉरंट, नमुन्याचे भाग आणि बहुतेक सगळे आधाराचे कागद द्यावे लागतात.

"पीपॅप केलं" या म्हणण्याचे म्हणूनच बरेच अर्थ निघतात. कुणी नमुने मोजून मापांच्या अहवालात आकडे भरलेले असतात. कुणी आधीच्या भागाची फाइल घेऊन भागाचा नंबर बदललेला असतो. आणि कुणी कंट्रोल प्लॅन स्वतः लिहून, ग्राहकानं परत पाठवलेली फाइल दुरुस्त करून, वॉरंटवर सही होईपर्यंत तिचा पाठपुरावा केलेला असतो. आमच्या जागेवर बसणाऱ्या माणसाला पुरवठादारांच्या अशा फाइली तपासून मान्य किंवा अमान्य करायच्या असतात. ज्यानं फक्त मापं भरली आहेत त्याला कंट्रोल प्लॅन आणि एफएमईए एकमेकांशी जुळत नाहीत हे दिसणार नाही.

बोलावलेल्या पाचही जणांच्या रेझ्युमेत हे स्पष्ट होतं. एकानं लिहिलं होतं की पंपाच्या हाउसिंगची लेव्हल तीनची फाइल त्यानं बनवली, प्रक्रिया-क्षमतेच्या आकड्यांवरून ती एकदा परत आली, आणि बोअरिंगच्या ऑपरेशनमध्ये बदल करून मंजूर झाली. या मुलाच्या रेझ्युमेत होतं "रिस्पॉन्सिबल फॉर". आमचे क्वालिटीचे हेड ती ओळ वाचून म्हणाले होते, "लहान युनिटमध्ये फाइल बऱ्याचदा बाहेरचा कन्सल्टंट बनवतो, मॅडम. पोरगा मापं भरून देतो." त्यांचा अनुभव तीस वर्षांचा आहे आणि सर्वसाधारणपणे ते बरोबर असतील. पण या मुलाच्या युनिटमध्ये कन्सल्टंट होता की फाइलचं सगळं ओझं एकट्या याच्यावर होतं, हे त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. लहान युनिटमध्ये दुसरं टोकही तितकंच शक्य असतं. माणसं कमी म्हणून एकच मुलगा मोजतो, लिहितो, ग्राहकाचा फोन घेतो आणि रात्री फाइलही तोच पाठवतो.

म्हणून "तुम्हाला पीपॅपचा अनुभव नाही" हे वाक्य मला लिहिता येत नाही. माझ्यासमोर माणूस नव्हता, दोन पानं होती. त्या पानांवरून त्याचा वाटा कळत नाही, एवढंच मी प्रामाणिकपणे सांगू शकते. हे सांगताना मी स्वतःला असंही विचारलं की हा फरक मी त्याचं मन राखण्यासाठी करते आहे का. तसं नाही. पहिल्या वाक्यानं तो समजेल की आपण अपुरे आहोत. दुसऱ्यानं त्याला कळेल की पान अपुरं आहे की आपण, हे त्याचं त्यालाच ठरवायचं आहे. केलेलं काम लिहायचं राहिलं असेल तर तो एका संध्याकाळी ते लिहील. केलंच नसेल तर आधी काम मिळवावं लागेल. यातलं त्याला काय लागू पडतं ते तोच जाणतो.

एमएसएच्या कारणानं मला सर्वांत जास्त वेळ अडवून ठेवलं. एमएसए म्हणजे मोजणारं साधन आणि मोजणारा हात यांच्यावर किती विश्वास ठेवायचा, याची परीक्षा. साधारण पद्धत अशी: १० भाग घ्यायचे, ३ ऑपरेटरांकडून प्रत्येक भाग ३ वेळा मोजून घ्यायचा. असे ९० आकडे मिळतात. त्यांच्यातल्या फरकात मापनाचा वाटा किती ते काढायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, ३० टक्क्यांच्या वर गेला तर चालणार नाही, मधलं वापर पाहून ठरवायचं. पाचांपैकी चौघांनी असा अभ्यास केल्याचं गेजसकट लिहिलं होतं. या मुलानं फक्त नाव लिहिलं होतं.

पण आम्ही मागितलं होतं काय? जाहिरात उघडून मी ती ओळ पुन्हा वाचली. "एमएसए आणि एसपीसीचं ज्ञान." पीपॅपसाठी आम्ही "स्वतः सादर केल्याचा अनुभव" असं लिहिलं होतं. इथे नुसतं ज्ञान. जाहिरातीच्या शब्दांप्रमाणे या मुलानं अट पुरी केली होती. ज्ञान आहे हे सांगायला तो विषयाचं नाव लिहिण्यापलीकडे करणार तरी काय होता? तरी निवडताना हेडसाहेबांनी केलेलं काम पाहिलं, आणि त्याचं वजन पडलं हे निश्चित. त्यांचं म्हणणं पडलं की पत्रात एमएसएचा उल्लेखच करू नये. "तुमच्या जाहिरातीत असं नव्हतं, असं तो म्हणेल. मग आपण काय सांगणार?" तो तसं म्हणाला असता तर ते बरोबरच ठरलं असतं. आणि बरोबर ठरेल म्हणून ते लपवायचं, याला मला माझ्या मनात कुठलंच समर्थन सापडलं नाही. ज्या गोष्टीचं वजन पडलं ती पत्रात आली पाहिजे, आणि आमच्या जाहिरातीत ती तशी लिहिलेली नव्हती, हेही त्याच वाक्यात आलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट होती, जी चार कारणांत मी घेतलीच नव्हती. रेझ्युमेवर हेडसाहेबांनी पेन्सिलनं एक गोल केला होता. भोसरीची नोकरी सुटल्यानंतरचं जवळजवळ एक वर्ष रिकामं होतं. गॅप. जाहिरातीत गॅपबद्दल अक्षर नाही. पण खरा नकार त्या गोलातून आला असेल आणि मी पत्रात पीपॅपचं कारण देत असेन, तर माझं पत्र कितीही सभ्य असलं तरी फसवं आहे. मी जाऊन विचारलं. हा गॅप नसता आणि बाकी सगळं हेच असतं तर बोलावलं असतं का? ते म्हणाले, नाही, पीपॅपचंच कळत नाही. मग उलटं विचारलं. पीपॅपचं काम नीट दिसलं असतं आणि गॅप असता तर? त्यांनी थोडा विचार केला. "बोलावलं असतं. समोर बसवून विचारलं असतं काय झालं ते." बोलावलेल्या पाचांत एकाला आठ महिन्यांचा गॅप होता, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यावर मी विश्वास ठेवला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आलं असतं तर पत्र लिहिण्याआधी त्या मुलाला मुलाखतीला बोलवा म्हणून मला भांडावं लागलं असतं. पत्र लिहिणं त्याहून पुष्कळ सोपं आहे, आणि म्हणूनच विचारायला जाताना माझे पाय जड झाले होते हे मी इथे लिहून ठेवते.

आता सभ्यतेचं. माझ्या मसुद्याची सुरुवात "आपला प्रोफाइल प्रभावी आहे" अशी होती. ते वाक्य मी काढलं. ते प्रत्येकाला जातं, आणि खाली नकार असताना ते वाचणाऱ्याला टोचतं. पण त्याच्या रेझ्युमेत मला खरोखर आवडलेली एक ओळ होती. एका भागावर थ्रेडमध्ये गो गेज जात नसल्याची ग्राहकाची तक्रार आली, टॅप झिजत असल्याचं कारण सापडलं, किती नगांनंतर टॅप बदलायचा ते ठरवून दिलं, आणि तक्रार पुन्हा आली नाही. भाग, कारण, उपाय, परिणाम, सगळं दोन ओळींत. आम्हाला पीपॅपबद्दल नेमकं असंच वाचायचं होतं. त्याला नमुना दाखवायला दुसऱ्या कुणाचा रेझ्युमे लागतच नव्हता.

"आपला अर्ज आमच्याकडे जपून ठेवत आहोत" हेही काढलं. जुने अर्ज आम्ही उघडून पाहत नाही. जागा निघाली की नवे अर्ज मागवतो. आशेचं ते वाक्य वाचून तो वाट पाहत बसला असता.

एक भीती मात्र पुरती गेली नाही. काय दिसलं नाही हे सांगणं म्हणजे काय लिहायचं ते सांगणं. ९० आकड्यांचा अभ्यास न करताही कुणी तो केल्याचं लिहू शकतं. पण मुलाखतीत हेडसाहेब पहिला प्रश्न विचारतात तो गेजचा लीस्ट काउंट किती होता आणि निकाल वाईट आला तेव्हा काय केलं, हा. ज्यानं काम केलेलं नसतं तो दुसऱ्या प्रश्नाला थांबतो. काही जण खोटं लिहितील म्हणून जे खरं लिहू शकतात त्यांना कारण सांगायचं नाही, हे मला पटत नाही. तेवढ्यासाठी पत्रात एक ओळ घातली.

शेवटी गेलेलं पत्र असं:

"नमस्कार. तुम्ही कारण विचारलंत, ते कळवते. तुमचं शिक्षण, अनुभवाची वर्षं आणि ड्रॉइंग वाचन आमच्या अटींत बसत होतं. दोन गोष्टींमुळे तुमचा अर्ज मागे राहिला.

पहिली, पीपॅप. जाहिरातीत स्वतः सादर केल्याचा अनुभव मागितला होता. तुमच्या रेझ्युमेत जबाबदारीचा उल्लेख आहे, पण कोणत्या भागाची फाइल, कोणत्या पातळीची, तिच्यातलं काय तुम्ही स्वतः बनवलं आणि मंजुरीपर्यंत काय घडलं, हे त्यावरून कळलं नाही. ज्यांना बोलावलं त्यांच्या रेझ्युमेत ते होतं. निर्णयात याचं वजन सर्वांत जास्त होतं.

दुसरी, एमएसए. जाहिरातीत आम्ही फक्त 'ज्ञान' असं म्हटलं होतं आणि त्याप्रमाणे तुमची अट पुरी होते. परंतु बोलावलेल्यांपैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष केलेला अभ्यास लिहिला होता आणि तो विचारात घेतला गेला. हे जाहिरातीत स्पष्ट असायला हवं होतं.

इंटर्नल ऑडिटरच्या प्रमाणपत्राचा या निवडीत विचार झाला नाही. केवळ आमच्यासाठी तो कोर्स करू नका. गो गेजच्या तक्रारीबद्दल तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी फार स्पष्ट आहेत. बाकीचं कामही तसं लिहिता आलं तर वाचणाऱ्याला तुमचा वाटा कळेल. जे केलं आहे तेवढंच लिहा, मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. जे अजून केलेलं नाही ते पुढच्या नोकरीत मागून घ्या.

हा निर्णय तुमच्या रेझ्युमेवरून झाला आहे. तुमची भेट आम्ही घेतलेली नाही, त्यामुळे तुमच्या क्षमतेबद्दल यात काही म्हटलेलं नाही. या जागेचा निर्णय आता बदलणार नाही. जुने अर्ज आम्ही पुन्हा पाहत नाही, म्हणून नवी जाहिरात आल्यावर पुन्हा अर्ज करावा लागेल."

खाली माझं नाव आणि टेबलावरच्या फोनचा नंबर दिला.

हेडसाहेबांनी ते वाचलं. एमएसएच्या परिच्छेदावर थोडे थांबले आणि "पाठवा" म्हणाले. सप्लायर क्वालिटीच्या पुढच्या जाहिरातीचा मजकूर आम्ही दोघांनी बसून बदलला आहे. एमएसएच्या ओळीत आता "स्वतः केलेला अभ्यास, गेज आणि निकाल यांसह लिहावा" असं आहे, आणि इंटर्नल ऑडिटरच्या प्रमाणपत्राची अट काढून टाकली आहे.